टक्क्यांची सरासरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

कारखान्याचा एकूण रिजेक्टचा टक्का काढताना शेडच्या टक्क्यांची सरासरी घेऊ नका, एकूण रिजेक्ट भागिले एकूण माल करा, असं मी म्हटलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

"सर, तुमचं पटलं नाही. एकूण रिजेक्ट भागिले एकूण माल केलं की मोठ्या शेडमागं छोट्या शेडचा प्रॉब्लेम दडून जातो. तिन्ही शेडच्या टक्क्यांची सरासरी घेतली तर निदान सगळ्यांना सारखा मान मिळतो, त्यात चूक काय?"

छोटी शेड दडते हे तुमचं शंभर टक्के बरोबर, पण त्यासाठी सरासरी काढून उपयोग नाही, कारण सरासरीत ती दिसतच नाही, फक्त सगळ्यांचा आकडा वाढवून जाते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल युनिटची शीट मी बघत होतो, तिथलं गणित सोप्या आकड्यांत सांगतो. पहिल्या शेडला ४००० टॉवेल, ८० रिजेक्ट, म्हणजे २ टक्के. दुसरीला ३००० पैकी ९०, ३ टक्के. तिसरीत नवीन डिझाईनचा छोटा लॉट, २०० पैकी ३२, म्हणजे १६ टक्के. या तीन टक्क्यांची सरासरी म्हणून डॅशबोर्डवर आलं ७ टक्के! खरं तर ७२०० पैकी २०२ गेले, म्हणजे २.८ टक्के. त्या सातवरून ज्या कारागिरांना बोलणी बसली त्यांच्या मागावर दोन-तीनच टक्के जात होते हो, याचंच मला वाईट वाटतं.

```
=AVERAGE(D2:D4)
=SUM(C2:C4)/SUM(B2:B4)
```

B मध्ये माल, C मध्ये रिजेक्ट, D मध्ये टक्के. वरची ओळ चुकीची, खालची बरोबर.

आता तुमच्या 'सारखा मान' वर येतो. हाच माल शेडऐवजी शिफ्टनं लावून बघा: दिवसपाळी ३७०० पैकी ७४, रातपाळी ३५०० पैकी १२८, टक्के साधारण २ आणि ३.७, त्यांची सरासरी २.८. तेच टॉवेल, तेच रिजेक्ट, आणि शेडनं लावले तर ७, शिफ्टनं लावले तर २.८, मग खरं कुठलं मानायचं? बेरजेवरून काढलेला आकडा कसाही गट पाडा, हलत नाही. तुमच्या डॅशबोर्डवर शंका आली तर हीच परीक्षा करा, गट बदलल्यावर एकूण टक्का बदलला की समजायचं कुठंतरी टक्क्यांची सरासरी चाललीय.

अजून एक, हे फार ठिकाणी होतं. तिसरी शेड बंद असली की शून्य भागिले शून्यचा एरर येतो, तो लपवायला कुणीतरी IFERROR लावून 0 टाकतं, आणि ती बंद शेड सरासरीत 'एकही रिजेक्ट नाही' म्हणून मोजली जाते. मग २, ३ आणि ० मिळून १.७ टक्के, जेव्हा चालू दोन शेडचा खरा आकडा २.४ आहे. तिथं सेल रिकामा सोडा.

साध्या सरासरीला जागाच नाही असं नाही. 'आपली एखादी शेड साधारण कशी चालते' एवढंच विचारायचं असेल तर चालेल, फक्त नाव तसं लिहा, 'एकूण रिजेक्ट' लिहू नका. आणि तिसऱ्या शेडची काळजी असेल, ती असायलाच हवी, तर तिचे १६ टक्के वेगळ्या ओळीत, शेजारी '२०० पैकी ३२' असं लिहून दाखवा, कारण २०० च्या लॉटमध्ये दहा टॉवेल जास्त गेले की टक्का पाचनं उडी मारतो, ४००० मध्ये पावच हलतो.