कट्ट्यामागे सोळा रुपये

“कट्ट्यावर, म्हणजे भरलेल्या पोत्यागणिक, काम करणारा मजूर हा छोटा ठेकेदारच. जेवढे कट्टे तेवढे पैसे, त्याला किमान वेतन लागू होत नाही. जेवण आपण घालतो, त्याचे पैसे कापणारच. आणि मुकादमाच्या हातात रक्कम मोजून दिली की मालक सुटला.”

बटाट्याची काढणी आली की इंदूरमध्ये हे ऐकू येतंच. आमची शेती सांवेरकडे आहे आणि मजुरांची वही दोन हंगाम मी लिहिली आहे. म्हणून आमच्याच वहीतला एक हिशेब मांडते. झाबुआकडून आलेली एक बाई, सहा दिवस काम, कट्ट्यामागे 16 रुपये. तिचे कट्टे असे: 21, 20, 9, 22, 18, 20. एकूण 110, म्हणजे 1760 रुपये. जेवणाचे रोजचे 60 प्रमाणे 360 कापले, उचल 200 वळती केली आणि हातावर 1200 टेकवले. वही बंद!

आता तिसरा दिवस बघा. नऊच कट्टे का? रात्री पाऊस पडला होता, ट्रॅक्टरमागचा डिगर चिखलात रुतला आणि दुपारी दोनपर्यंत सगळी टोळी बांधावर बसून राहिली. काम करायला ती तयार होती, काम आम्ही देऊ शकलो नाही. अशा वेळी पूर्ण दिवसाचं वेतन द्यावं लागतं. 1948 च्या किमान वेतन कायद्यात हे होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. नगावर काम असलं तरी दिवसाचा किमान दर ठरलेला असेल, तर त्याच्या खाली जाता येत नाही. जास्त वेचले तर जास्त द्यायचे, कमी भरले तरी तळ तोच. ठेकेदार तोटा सोसतो, कारण नफाही त्याचा असतो. या बाईकडे टोपलीसुद्धा आमची होती.

हिशेबापुरता दिवसाचा दर 300 धरते. राज्य शासन शेतमजुरीचा जो दर महागाई भत्त्यासकट जाहीर करतं, तो तुम्ही घ्या. नऊ कट्ट्यांचे 144 होतात, तिथे 300 यायला हवेत. अठरा कट्ट्यांच्या दिवशी 288 होतात, तिथेही 300. बाकी चार दिवस कट्ट्याचाच हिशेब वर जातो, तो तसाच राहील. बेरीज 1760 नाही, 1928.

जेवणाचं थोडं अवघड आहे, कारण पूर्वीपासून चालत आलेलं ते आपल्याला हक्काचं वाटतं. पण मजुरीतून काय कापायचं याची यादी कायद्यात आहे. मालकाने पुरवलेल्या सोयीचे पैसे कापायचे तर त्याला शासनाच्या आदेशाची मंजुरी हवी, मजुराने ती सोय स्वीकारलेली हवी, आणि रक्कम सोयीच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त नको. टोपली, बारदाना, सुतळी यांचे पैसे तर या नावाखाली कापताच येत नाहीत. मी चुलीपाशी बसून दोन वेळच्या डाळ-रोटीचा खर्च काढला: आटा, डाळ, तेल, लाकूड धरून माणशी तीसच्या आसपास. बटाटे शेतातलेच. म्हणजे 60 मधले अर्धे आम्ही जेवणातून कमावत होतो. मंजुरी आहे असं धरलं तरी कपात 180 च निघते. 1928 मधून 180 आणि उचलीचे 200 वजा केले की 1548 उरतात. तिला मिळाले 1200. 348 रुपये आमच्याकडे बाकी. मंजुरी नसेल तर 528. मंजुरीचा कागद आमच्याकडे नव्हता.

मुकादमाबद्दल फार बोलायची गरज नाही. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामात जमादार मजुरांच्या 9.25 रुपयांतून रोज एक रुपया काढत. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही वेठबिगारी ठरवली. मधल्या माणसाने पैसे दिले नाहीत तर मालक जबाबदार. शिवाय दावा झाला तर पैसे दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो आणि दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. “मुकादमाला दिले” एवढं लिहिलेली आमची वही तिथे काय उपयोगाची? आता प्रत्येकीच्या नावापुढे रोजचे कट्टे, मजुरी, कपात आणि तिचा अंगठा असतो.

528 रुपये मी होळीआधी पोचवले, मुकादमाशिवाय. सासरे दोन दिवस बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र वहीत दिसतच नव्हती. दर ठरला होता पन्नास किलोच्या कट्ट्याला. यंदा बांधावर वजनकाटा ठेवला आणि तोंडापर्यंत ठेचून भरलेला, सुतळीने शिवलेला पहिलाच कट्टा चढवला. काटा 56 वर थांबला.