परदेशातून: नव्या मॅनेजरची पहिली दहा मिनिटं

"दादा, जानेवारीत नऊ इंजिनिअरची टीम माझ्याकडे येतेय, त्यांचा जुना मॅनेजर सोडून चाललाय आणि सगळे टेन्शनमध्ये आहेत. पहिल्या मीटिंगमध्ये स्वतःबद्दल काय सांगू आणि किती?"

मामेभावाने हे फॅमिली ग्रुपवर टाकलं. आत्याला वाटलं त्याचाच इंटरव्ह्यू आहे, तिने लगेच लिहिलं की पगाराचं आधी बोलून घे. मी जर्मनीतून उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं.

स्वतःबद्दल दोन मिनिटं बोल, बास. कुठल्या सिस्टिमवर काम केलंस, आणि या टीमच्या कामातलं काय तुला अजून येत नाही, हे दुसरं नक्की सांग कारण ते त्यांना आठवड्याभरात कळणारच आहे. उरलेली आठ मिनिटं अप्रेझलवर बोल.

इथे पहिल्यांदा टीम घेतली तेव्हा मी पंधरा मिनिटं माझे प्रोजेक्ट सांगितले होते. एकही प्रश्न आला नाही, मला वाटलं छान झालं. नंतर टीममधली सगळ्यात जुनी इंजिनिअर, वीस वर्षं त्याच प्रॉडक्टवर काम केलेली, येऊन म्हणाली, "तुम्ही काय केलंय ते कळलं, पण मी मागच्या वर्षी काय केलं ते आता कोणाला माहितीये?" तेव्हा लक्षात आलं की मॅनेजर जातो तेव्हा टीमची एक वर्षाची आठवण त्याच्याबरोबर निघून जाते, खरी भीती त्याची असते.

आपल्याकडे २०२३ पासून ७० तासांच्या आठवड्यावर वाद चाललाय, आणि तो व्हायलाच हवा. इथे कायद्याने दिवसाचे आठ तास, सरासरी सांभाळून जास्तीत जास्त दहा, त्यामुळे तासांची भीती मला टीममध्ये दिसली नाही. प्रोबेशनवर तर मीच होतो, सहा महिने, दोन्ही बाजूंनी दोन आठवड्यांची नोटीस, आणि टीममधले बहुतेक जण ते कधीच पार करून बसलेले. तरी वर्षाच्या मूल्यमापनाची धास्ती तेवढीच होती. म्हणून मला वाटतं तासांचा प्रश्न उद्या सुटला तरी ही भीती तशीच राहील, कायदा तिथपर्यंत पोचत नाही.

आता तुझं बघ. तुमचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे तू बारापैकी तीन महिने बघणार आणि रेटिंग बारा महिन्यांचं लिहिणार. तेव्हा जुना मॅनेजर जायच्या आत त्याच्याकडून प्रत्येकाचं एक पान घे: काय केलं, कुठे अडलं, कशाचं आश्वासन दिलं होतं. ते पान त्या त्या माणसाला दाखवायचंय हे त्याला आधीच सांग, नाहीतर तो काहीही लिहील. मग प्रत्येकाला पहिल्या दोन आठवड्यांत अर्धा तास दे, पान समोर ठेव, त्यांना भर घालू दे. आणि हे सगळं तू करणार आहेस हे पहिल्या मीटिंगमध्येच सांग, तारखांसकट.

पण "कोणाचं नुकसान होणार नाही" असं म्हणू नकोस. वरच्या रेटिंगचा कोटा वरून ठरून येत असेल तर ते तुझ्या हातात नाही, आणि ते तसंच सांग. "काहीच बदलणार नाही" हेही नको. मी म्हणालो होतो, आणि सहा आठवड्यांत ऑन-कॉलची पाळी बदलावी लागली, त्यानंतर माझ्या प्रत्येक वाक्याकडे लोक संशयाने बघायचे. त्याऐवजी "मार्चपर्यंत कोणाचं काम किंवा मॉड्यूल बदलणार नाही" एवढंच सांग, तेही पाळता येत असेल तरच.

माझा एक मित्र तिकडे मोठी टीम चालवतो, त्याचं म्हणणं थोडी भीती ठेवलीच पाहिजे, नाहीतर निर्णयच होत नाहीत. निम्मं पटतं. शेवटचा निर्णय कोण घेणार हे लोकांना स्पष्ट हवंच असतं. पण घाबरलेला माणूस उशीर होणार हे डेडलाइनच्या आदल्या दिवशी सांगतो, तोवर हातात काही उरत नाही.

भीती गेली नाही हे कळतं कसं? त्या अर्ध्या तासात माणूस नुसती मागच्या वर्षाची कामं मोजून दाखवत बसला तर समज की तुझं बोलणं पोचलं नाही. एखाद्याने आपणहून सांगितलं की अमुक रिलीज माझ्यामुळे रखडलं, तर पोचलं.

एका गोष्टीवर मात्र मित्राचं आणि माझं जुळलं नाही. टीममधल्या कोणी याच पोस्टसाठी अर्ज केला असेल तर मी म्हणतो मीटिंगच्या आधी त्याला एकट्याला भेट, नाहीतर तो सगळ्यांसमोर तुझं बोलणं ऐकत मनात कुढत बसेल. मित्र म्हणतो आधी भेटलास तर बाकीच्या आठ जणांना वाटेल यांचं आतून काहीतरी ठरलंय. तू त्या लोकांना बघितलंयस, आम्ही नाही, तेव्हा हे तूच ठरव.