हात सुटला की सोडला?

"ताई, ओडिशाचा एक फाउंड्री कामगार माझ्याकडं यायला लागलाय. भट्टीवर शेजारी उभं राहणारं पोरगं याच्या डोळ्यांदेखत गेलं. याला झोप नाही, भट्टीजवळ जायचं म्हटलं की थरथर कापतो. हिंदी मोडकंतोडकं. मुकादम म्हणतो, मी बसतो मध्ये, भाषांतर करून सांगतो. तुमच्याकडं दुभाषी बसवून आठवणींवर काम करतात म्हणे. खरंच चालतं का ते? का त्याला नीट हिंदी-मराठी येईपर्यंत थांबावं?"

हा प्रश्न माझ्या मामेबहिणीचा. ती कोल्हापूरच्या शिरोलीजवळ समुपदेशक आहे.

चालतं. थांबू नकोस. आणि मुकादमाला त्या खोलीत बसवू नकोस.

फोनवर एवढंच बोलले. मे महिन्यात मंगळवार पेठेत घरी गेले तेव्हा हाच विषय जेवणाच्या ताटावर निघाला. काका म्हणाले, "हिंदी सगळ्यांना येतं की. आणि माणसाचं दुःख तोंडावर दिसतंय, त्याला दुभाषी कशाला पाहिजे?" काकांचं निम्मं बरोबर होतं. कुठलं निम्मं, ते पुढं येईल.

मी इंग्लंडात लेस्टरमध्ये आघातातून वाचलेल्या निर्वासितांबरोबर काम करते. तिथं सरकारी आरोग्यसेवा दुभाषी देते, आणि त्या खर्चावरून तिथली वर्तमानपत्रं अधूनमधून बोंब ठोकतात: इथं आलात तर इंग्रजी शिका. सूर ओळखीचा वाटतो ना? 2025 च्या उन्हाळ्यात पहिलीपासूनच्या हिंदीवरून आपल्याकडं रान पेटलं आणि जूनअखेर सरकारनं ते आदेश मागं घेतले. मी त्या वेळी मराठीच्या बाजूनं हिरिरीनं बोलत होते, आजही बोलेन. बँकेत मराठी हवी, बसच्या पाटीवर हवी. पण भट्टीवरच्या त्या संध्याकाळची आठवण ज्या भाषेत साठली असेल, त्याच भाषेत ती बाहेर येणार. माणसाला दुसरी भाषा शिकेपर्यंत थांबवणं म्हणजे दोन-चार वर्षं बिनझोपेचं ठेवणं.

दुभाष्यामार्फत उपचार म्हणजे पातळ केलेलं ताक, असा समज आमच्या धंद्यातही आहे. पूर्व लंडनमधल्या एका दवाखान्यानं 2007 मध्ये आपल्या रुग्णांचे निकाल छापले, त्यात दुभाष्यासह उपचार घेतलेल्या निर्वासितांनाही चांगला फरक पडलेला दिसला. पण उपचारात बदल करावे लागतात. ते कुठं करावे लागतात, ते एका माणसावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

इरिट्रियाचा तरुण, भाषा तिग्रिन्या. लिबियातून रबरी बोटीनं निघाला, बोट अर्धी बुडाली, दोस्त गेला. दुभाषी बाई वीस वर्षं हेच काम करणाऱ्या, त्याआधी शाळामास्तरीण. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी पहिल्याच आठवड्यात मान्य केलं. उपचाराचा गाभा असा: रुग्ण डोळे मिटून ती घटना पहिल्या पुरुषात, वर्तमानकाळात, पुन्हा घडत असल्यासारखी सांगतो. मराठी माणसाला हे जमतं. आपली म्हातारी माणसं गोष्ट सांगताना "मी जाते, बघते तर काय" असंच बोलतात. अडचण दुभाष्याची होते. दर वाक्यानंतर तो थांबवून भाषांतर करू लागला की रुग्ण आठवणीतून बाहेर खेचला जातो, भीती वर चढतच नाही. म्हणून त्या भागापुरती पद्धत बदलायची. रुग्णानं न थांबता बोलायचं आणि दुभाष्यानं माझ्या कानाशी कुजबुजत राहायचं. मला तीन-चार सेकंद उशिरा कळतं, चालतं. "आता काय दिसतंय?", "अंगात कुठं जाणवतंय?" असे माझे पाच-सहा ठरलेले प्रश्न बाईंकडं आधीच लिहून दिलेले असतात. मी बोट दाखवते, त्या विचारतात.

सत्रं नव्वद मिनिटांची. शिवाय आधी पंधरा मिनिटं बाईंबरोबर आज काय येणार त्याची उजळणी आणि नंतर दहा मिनिटं त्यांच्यासाठी, कारण बुडणारी माणसं त्यांनीही "मी" म्हणून बोललेली असतात. ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत अशा उपचाराची साधारण आठ ते बारा सत्रं धरली आहेत. आम्हाला एकोणीस लागली.

त्यातली चार माझ्या चुकीची. दर काही मिनिटांनी मी त्याला शून्य ते शंभरात त्रास किती ते विचारत होते. लाटा येतात, बोट कलंडते, हे सगळं ऐकताना माझा जीव वर-खाली होत होता, पण त्याचा आकडा तिथं साठ. बोट शांत झाल्यावर, पाण्यात दोस्ताचा हात धरलेल्या जागी तो पंच्याऐंशी व्हायचा आणि खाली यायचाच नाही. सत्रामागून सत्र तेच. माझ्या कानात तिथं एवढंच येत होतं: "त्याचा हात सुटतो." त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. मान खाली आणि उजवा हात मांडीखाली दाबलेला. काकांचं निम्मं बरोबर ते हे: दुःख तोंडावर दिसत होतं. ते कशाचं, हे मात्र तोंडावर लिहिलेलं नव्हतं. शिवाय त्या जागी तो लांबलचक बोलायचा आणि माझ्या कानात तीनच शब्द पडायचे. हे मला पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं.

पाचव्या सत्रानंतर बाईंना विचारलं, तो नेमकं काय म्हणतो? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तो म्हणतो, मी हात सोडला. तो शब्द माझ्या तोंडून निघेना. पोरगा आधीच मेल्यासारखा दिसतो."

सुटला आणि सोडला. मी महिनाभर त्याच्या भीतीवर काम करत होते आणि तो अपराधात बुडालेला होता. लाटांची आठवण शंभर वेळा सांगून अपराध उतरत नाही, त्याला दुसरी वाट लागते.

बाईंच्या संमतीनं त्याला झालेलं सांगितलं. मग फक्त तेवढा तीन मिनिटांचा तुकडा घेतला, या वेळी मुद्दाम वाक्यागणिक, सावकाश. किती वेळ धरला होतास? पाणी कसं होतं? बोटं कशी होती? त्याला ठाम वाटत होतं की आणखी जोर लावला असता तर धरता आला असता. पुढच्या सत्रात बादलीत बर्फाचं पाणी आणलं. तिघांनीही पाळीपाळीनं हात घातला आणि दोन मिनिटांनी पिळलेला टॉवेल घट्ट धरायचा प्रयत्न केला. बाईंच्या हातातून पहिला निसटला. तो त्या टॉवेलकडं बघतच राहिला.

त्या दिवशी त्याला स्वतःचं वाक्य सापडलं. बाईंनी ते शब्दाला शब्द दिलं: "मी सोडला नाही, माझी बोटं माझी नव्हती." मराठीत यासाठी तिसरं रूप तयारच आहे: धरवेना. सुटला नाही, सोडला नाही, धरवेना. त्यानं ते वाक्य तिग्रिन्यात, आपल्या हस्ताक्षरात कार्डावर लिहिलं. माझं इंग्रजी त्यात कुठंच नको होतं. पुढच्या वेळी आठवण सांगताना बरोबर त्या जागी तो ते मोठ्यानं म्हणाला. तीन सत्रांत आकडा पंच्याऐंशीवरून चाळिसावर आला. शून्य झाला नाही. दोस्त गेला तो गेलाच.

हे सांगत असताना आत्या मध्येच म्हणाली, "मला तर मराठीच डॉक्टर होता, तरी जमलं नाही." 2019 च्या महापुराचं बोलत होती, चिखलीच्या घराचं. गोठ्यात तीन म्हशी होत्या. आमचा विषय दुभाष्याचा होता, तिचा दुसराच. काकांनी विषय बदलला. मी बदलायला नको होता, पण मीही गप्प बसले.

तर मुकादम का नको? त्यानं उचल दिलेली आहे, कामावर ठेवायचं का ते तो ठरवतो, आणि अपघाताची भरपाई अजून लोंबकळत असेल तर वितळलेल्या लोखंडाची लॅडल कुणी कलंडवली हा प्रश्न त्याच्याही अंगावर येणार. त्याच्यासमोर हा कामगार "मी ओरडलो नाही" असं म्हणणारच नाही. म्हणाला, तर मुकादम ते आपल्या सोयीनं सांगेल. माझ्या बाईंनी दयेपोटी शब्द गाळला, इथं तो भीतीपोटी गळेल. गावचा सोबतीही नको, खोलीवर बातमी पोचते. फोनवरून दूरच्या शहरातला ओडिया बोलणारा माणूस चालेल, पण दर वेळी तोच हवा आणि त्याला पैसे मिळायला हवेत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क दिलाय. दुभाष्याचे पैसे कुणाच्या खिशातून, हे मात्र प्रत्यक्षात बहिणीसारख्यांनाच सोडवावं लागतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. रात्री घाबरून उठल्यावर त्याचा उपयोग आहे, पण आठवणीवरचं हे काम त्यावर होणार नाही.

दुभाषी निवडताना एक चाचणी घे, असं तिला सांगितलंय. आघाताचं काही नको. त्या कामगाराला आज सकाळी चहा कसा केला ते "मी" धरून, वर्तमानकाळात सांगायला लाव आणि दुभाष्याचं भाषांतर ऐक. "मी" चा "हा म्हणतो" झाला, "ओततो" चा "ओतला" झाला, तर भट्टीच्या गोष्टीत तेच होणार.

गेल्या गुरुवारी तिचा फोन आला. एक ओडिया नर्स मिळालीय, चोवीस वर्षांची, संबलपूरकडची. हा गंजामचा, किनाऱ्याचा, दोघांची बोली थोडी वेगळी. त्यात ती बाईमाणूस, तिच्यासमोर तो किती मोकळा होईल कोण जाणे. मी विचारलं, चहा झाला का?

"झाला. साखर किती चमचे तेही सांगितलं त्यानं. पण ती अजून 'हा म्हणतो, हा म्हणतो' असंच करायलीय. मंगळवारी परत चहा करायला लावते."