विक्रीचा ताळमेळ न जुळवण्याची खात्रीशीर रीत

तुम्ही सोलापुरी चादरी तीन मार्केटप्लेसवर आणि शिवाय स्वतःच्या वेबसाइटवर विकता, म्हणजे महिनाअखेरीस तुमच्याकडे चार रिपोर्ट येणार. घाबरू नका. चारही एकाखाली एक चिकटवा आणि फाइलला ‘फायनल’ नाव द्या. ‘फायनल २’ उद्या होईलच.

फाइल उघडताना एक्सेलला अजिबात अडवू नका. ऑर्डरचा आयडी अठरा-वीस आकडी असला, तर एक्सेल पहिले पंधरा आकडे ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं. त्यामुळे वेगवेगळ्या ऑर्डरी एकाच नंबरच्या होतात आणि वही आटोपशीर दिसते. काही शंकेखोर माणसं तो कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करून घेतात, वर प्रत्येक आयडीच्या सुरुवातीला त्या दुकानाचं, म्हणजे मार्केटप्लेसचं किंवा वेबसाइटचं, अक्षर लावतात. कारण नुसत्या आकड्यांचा आयडी टेक्स्ट असला तरी SUMIFS त्याला आकडाच समजतं आणि पंधराच्या पुढे बघत नाही. एवढं कोण करतं?

आता स्टेटस. वेबसाइटवरचं ‘फुलफिल्ड’ म्हणजे पार्सल निघालं, एवढंच. तुम्ही मात्र त्याला ‘डिलिव्हर्ड’ माना. आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, आणि रिटर्न, दोन्ही ‘परत’ या एकाच खान्यात टाका. आरटीओमध्ये पार्सल गिऱ्हाइकाच्या हातात पोचलेलंच नसतं आणि दोष बहुधा पत्त्याचा किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचा असतो. रिटर्नमध्ये चादर घरी जाऊन, उलगडून, नापसंत होऊन आलेली असते. दोन्ही एकत्र केलंत की चादर बदलायची की कॅश ऑन डिलिव्हरी बंद करायची, हा प्रश्नच उरत नाही.

पैशाचं तर फारच सोपं आहे. समजा चादर १,०५० रुपयांची, त्यात ५ टक्के जीएसटीचे ५० रुपये. दुकानाने कमिशन १२६, ठरावीक शुल्क ३० आणि वाहतूक ७४ असे २३० रुपये लावले, त्यावर १८ टक्के जीएसटी ४१.४० रुपये. हजारावर अर्धा टक्का टीसीएस ५ रुपये, ०.१ टक्का टीडीएस १ रुपया. बँकेत ७७२.६० आले. १,०५० वजा ७७२.६०, म्हणजे २७७.४० रुपये दुकानाने खाल्ले, असं लिहून मोकळे व्हा आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर हळहळा. त्यातले ४१.४० इनपुट क्रेडिट म्हणून मिळतात, टीसीएस जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये येतो, टीडीएस आयकरात वळता होतो, आणि १,०५० मधले ५० तुमचे कधी नव्हतेच. खरा हिशेब १,००० वजा २३०, म्हणजे ७७० रुपये. पण एवढं समजलं तर हळहळायचं कशावर?

पुढच्या महिन्यात तीच चादर परत येते. तुमच्या मागच्या महिन्याच्या फायलीत ती अजूनही ‘डिलिव्हर्ड’ आहे, आणि फायलीचं नाव ‘फायनल’ असल्यामुळे तिला हात लावणं शिष्टाचाराला धरून नाही. गिऱ्हाइकाचे १,०५० परत गेले, कमिशन परत आलं, पण ३० आणि ७४ आले नाहीत, वर परतीचं भाडं समजा ९० लागलं. विक्री शून्य आणि १९४ रुपये अंगावर. हे पुढच्या महिन्याच्या पेमेंट रिपोर्टमध्ये त्याच आयडीवर उणे ओळी होऊन येतं. तुम्ही मात्र पेमेंट असं शोधा:

```
=VLOOKUP(A2,Payments!A:F,6,FALSE)
```

VLOOKUP त्या आयडीची पहिली ओळ सापडली की थांबतं. पहिली ओळ बहुधा जमेची असते, म्हणून हे सूत्र मनाला फार शांती देतं. कुरकुरे लोक ऑर्डरींचा आणि पेमेंटचा तक्ता वेगळा ठेवतात, जुन्या महिन्यांच्या पेमेंट ओळी पुसत नाहीत, आणि लिहितात:

```
=SUMIFS(Payments!F:F,Payments!A:A,A2)
```

मग एकाच ऑर्डरमधल्या दोन चादरींपैकी एकच परत आली तर गोंधळ नको, म्हणून ऑर्डरच्या नव्हे तर त्यातल्या प्रत्येक वस्तूच्या आयडीने जुळवतात. प्रत्येक सेटलमेंटची बेरीज बँक ट्रान्सफरचा यूटीआर नंबर धरून बँकेच्या पासबुकाशी ताडतात. ‘डिलिव्हर्ड’ होऊन महिना उलटला तरी SUMIFS शून्य दाखवत असेल, तर त्या ओळी वेगळ्या काढून दुकानाकडे तक्रार टाकतात, आणि तीही तक्रारीची मुदत संपायच्या आत. असल्यांची संगत टाळा.

वेबसाइटच्या कॅश ऑन डिलिव्हरीचं काय? कुरिअरवाला पंचवीस-तीस पार्सलांचे पैसे एकदम टाकतो, कधी त्यातूनच आपलं भाडं कापून. कुठल्या ऑर्डरचे किती, हे त्याच्या रेमिटन्स शीटमध्ये पार्सलच्या एडब्ल्यूबी नंबरसह असतं. ती शीट उतरवून घेऊ नका. बँकेत आलेली रक्कम सरळ ‘वेबसाइट विक्री’ म्हणून लिहा. भाडं कापून आलेल्या रकमेवर जीएसटी भरला की विक्री आपोआप कमी दिसते आणि नोटीस येईपर्यंत बरं वाटतं.

एवढं करूनही शेवटी काही हजारांचा फरक उरलाच, तर खाली एक ओळ घाला आणि तिला ‘राउंड ऑफ’ म्हणा. सीए विचारतील, “एवढं राउंड ऑफ कसलं?” त्यांना सांगा, चार दुकानं आहेत.