बुडण्याआधी भावाचं बिल कसं चुकतं करावं

कंपनी बुडतेय हे तुम्हाला कळलंय आणि पुरवठादारांना अजून नाही, हेच ते सोन्याचे दिवस. खात्यात उरलंय ते आधी घरच्यांना द्या.

उदाहरण आम्ही माल पुरवायचो त्याच कंपनीचं घ्या. बँकेचं कर्ज नव्हतं. कामगार आणि सरकार यांचं भागवून 70 लाख उरले असते आणि आम्हा पुरवठादारांची देणी होती 2 कोटी. म्हणजे रुपयाला 35 पैसे. माझे 8 लाख अडकलेले, हाती 2 लाख 80 हजार आले असते. पण संचालकांच्या सख्ख्या भावाच्या फर्मचं 60 लाखांचं जुनं बिल एकरकमी चुकतं झालं. उरले 10 लाख, मागणारे 1 कोटी 40 लाखांचे. मला सुमारे 57 हजार.

व्यवहाराला 'नेहमीचाच' म्हणा. आधीची तीन वर्षं बिलं थकवली होती, हे कोण बघतंय?

आता खरी युक्ती. दिवाळखोरी संहितेचं कलम 43 लिक्विडेटरला, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्याला, असे पैसे परत मागायचा अधिकार देतं. हेतू वाईट होता हे सिद्धही करावं लागत नाही. परक्याला दिले असतील तर मागच्या एका वर्षातले, नातेवाइकाला दिले असतील तर दोन वर्षांतले. घाबरू नका. ही दोन वर्षं कंपनीच्या दिवाळखोरीचा अर्ज केल्यापासून नव्हे, अर्ज दाखल करून घेतल्याच्या दिवसापासून मागे मोजली! तेव्हा तारखा घ्या. वकील आजारी पाडा, उत्तराला मुदत मागा, तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणा. कायदा म्हणतो 14 दिवसांत निर्णय. इथे पैसे गेले 10 एप्रिल 2022 ला, एका मोठ्या पुरवठादाराने अर्ज केला सप्टेंबरात, आणि तो दाखल करून घेतला गेला 20 मे 2024 ला. वीस महिने! चाळीस दिवसांनी सुटले भाऊसाहेब. त्यांचा प्रत्येक 'पुढची तारीख द्यावी' आमच्या खिशातून गेला. 2025 च्या दुरुस्ती विधेयकात मोजणी अर्जाच्या तारखेपासून मागे नेण्याचा प्रस्ताव आला म्हणे. आमच्या 57 हजारांना त्याचं काय?

लिक्विडेटर साहेबांचं पत्र परवा आलं: 'व्यवहार मुदतीबाहेर.' दोन ओळी.

साहेब, मुदत 43 ची संपली. फसवणुकीच्या कलम 66 ला अशी मागे मोजायची मुदत नाही. तिथे हेतू सिद्ध करावा लागतो, कबूल. मग तीन वर्षांची खातेवही उघडा, बिल कधीपासून थकलं होतं आणि त्याच आठवड्यात बाकी कुणाकुणाचे चेक परत गेले ते बघा. माझाही गेला होता, 12 एप्रिलला. बँकेचा मेमो जोडून पाठवलाय. तो आधी वाचा, मग पत्र लिहा.