पट्टी, पिक्सेल आणि साडेपाच तास

सकाळी नऊ वाजून आठ मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र आलं. त्याखाली लिहिलं होतं, "सर्व्हर रात्री बसला. नेमका कधीपासून?" क्लायंटच्या डॅशबोर्डचा अ‍ॅक्सेस मी जूनपासून मागतोय. अ‍ॅक्सेस 'प्रोसेसमध्ये' आहे, त्यामुळे मला मिळतात फक्त चित्रं. व्हॉट्सअ‍ॅपने दाबून दाबून त्यातली अक्षरं मुंग्यांसारखी केलेली. म्हणून "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" म्हटलं, तर साहेबांनी तेच चित्र वर्डच्या फाईलमध्ये चिकटवून पाठवलं. डॉक्युमेंटच ते, बोलणार काय?

चित्रात दोन आलेख होते. वर सीपीयू, खाली जाव्हाची मेमरी. सीपीयूची रेष 22:10 ला भिंतीसारखी सरळ वर चढलेली. दोन मिनिटांत साहेबांचा फोन आला.

"दिसलं ना? दहा वाजून दहा मिनिटं. आणि तुमचं रिलीज किती वाजता होतं?"

"दहाला."

"मग झालं तर!"

"सर, ही वेळ यूटीसी आहे."

"आपला सर्व्हर मुंबईत आहे हो."

"सर्व्हर कुठेही असला तरी डॅशबोर्ड यूटीसीवर लावलेला असू शकतो."

"पण मी तर पुण्यात बसून बघतोय!"

यावर काय उत्तर द्यायचं ते मला आजही सुचलेलं नाही. मी त्यांना आलेखाचं उजवं टोक बघायला सांगितलं. तिथे रेष 03:35 ला संपत होती. "तुम्ही हे चित्र कधी काढलंत?"

"आत्ताच. नऊला, नऊ-पाचला."

"मग आलेखात पहाटेचे साडेतीन कसे वाजलेत?"

बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "सर्व्हर बसला होता ना, घड्याळ मागे पडलं असेल."

साडेपाच तास! आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा इतकं मागे पडत नाही आणि त्याचा सेल दिवाळीपासून बदललेला नाही.

असो. यूटीसी म्हणजे जगाची प्रमाणवेळ, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. 22:10 मध्ये तेवढे मिळवले की पहाटेचे 3:40 होतात. पण तीसुद्धा घटनेची सुरुवात नव्हे. सीपीयू बोंब ठोकतो तोवर घर निम्मं जळालेलं असतं. खरं बघायचं ते खालच्या आलेखात. जाव्हाची मेमरी करवतीच्या दात्यांसारखी दिसते: भरत जाते, कचरा गोळा झाला की खाली येते. दात्यांची टोकं फसवी असतात, बघायचं ते बूड. बूडच वर सरकायला लागलं, तर सोडायला हवी ती मेमरी कोणीतरी धरून बसलंय. ते अगदी वर पोचलं की कचरा गोळा करण्यातच सीपीयूचा जीव जातो, आणि मग ती भिंत उभी राहते.

मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी लॅपटॉपच्या काचेवर धरली. (मागून बायकोचा आवाज: "यासाठी इंजिनिअर झालास?") दोन वेळांच्या आकड्यांमध्ये, म्हणजे तीन तासांत, 90 पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल दोन मिनिटांचा. बूड 19:00 ला 50 टक्क्यांवर आणि 21:00 ला 80 वर, म्हणजे तासाला 15 टक्के. त्याआधी दिवसभर ते 36 वर पडून होतं. 50 वरून 36 पर्यंत मागे यायचं तर 14 टक्के, म्हणजे 56 मिनिटं. आलेखात 18:04, आपल्याकडे रात्रीचे 11:34. बूड मुळातच दोनेक टक्के वरखाली होत होतं, तेव्हा आठ मिनिटं इकडे किंवा तिकडे. आणि साडेअकराला यांचाच महिनाअखेरीचा रिपोर्ट जॉब सुटतो. आमच्या रिलीजने त्या जॉबला हात लावलेला नव्हता. निदान मला तरी तसं वाटतं, शपथेवर सांगणार नाही. लॉग बघितले असते तर पाच मिनिटांत कळलं असतं, पण ते बघायला अ‍ॅक्सेस लागतो आणि अ‍ॅक्सेस प्रोसेसमध्ये आहे.

हे सगळं मी साहेबांना अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मधे एकदा "इंटरेस्टिंग" म्हणाले.

"म्हणजे मी म्हणतो 22:10, तुम्ही म्हणता 23:34."

"मी म्हणत नाही सर, आलेख म्हणतो."

"ठीक आहे, भांडण नको. मधलं घेऊ."

रिपोर्टात गेलं: घटना सुरू झाल्याची वेळ 22:52. त्या मिनिटाला सर्व्हर 36 टक्क्यांवर निवांत पडलेला होता. रिलीज नीट गेलं म्हणून मीही.