आधी कागदावर चौकटी काढा, मग लॅपटॉप उघडा

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. एका मुलीला १२ मिनिटं दिली होती आणि तिच्याकडे ३४ स्लाईड होत्या. प्रस्तावना, पूर्वीचं संशोधन, उद्दिष्टं, पद्धत. विभागाने दिलेला साचा तिने इमानेइतबारे भरलेला. २१व्या स्लाईडवर घंटा वाजली आणि तिला खाली बसवलं.

नंतर कॉरिडॉरमध्ये तिला विचारलं, तेव्हा कळलं की तिने होस्टेलच्या टाकीवर सेन्सर बसवला होता. रात्री दोन ते चार, सगळं होस्टेल झोपलेलं असताना, पाण्याची पातळी खाली जात होती. म्हणजे कुठेतरी गळती. तिने ती शोधून काढली. हे होतं २९व्या स्लाईडवर! खोलीतल्या कुणीही ते पाहिलं नाही. दोन रात्री जागून फॉन्ट सारखे केले होते पोरीने.

मला राग तिचा नाही. "उद्यापर्यंत पीपीटी करून आण" असं सांगणाऱ्यांचा आहे. "काय सांगणार आहेस ते आधी दाखव" असं कुणी म्हणतच नाही.

माझंही असंच झालं होतं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत, ४० फ्लॅट, दर उन्हाळ्यात टँकर. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायची योजना सर्वसाधारण सभेत मांडायला मला १५ मिनिटं मिळाली होती. मी थेट लॅपटॉप उघडला. पीपीटीच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी स्लाईड घेतली की पहिल्यांदा काय दिसतं? वर शीर्षकाची जागा, खाली ठिपक्यांची यादी. जागा दिसली की आपण भरतो. मी भरली. "जलसंधारणाचे महत्त्व", "प्रकार", "फायदे". २६ स्लाईड झाल्या आणि खर्च आला २४व्या स्लाईडवर.

आदल्या संध्याकाळी मावसभाऊ घरी आला. तो जाहिरातींसाठी स्टोरीबोर्ड काढायचा. डिस्नेच्या स्टुडिओत १९३०च्या दशकात प्रसंगांची चित्रं भिंतीवर ओळीने टाचायला लागले, तीच ही पद्धत. न पटलेलं चित्र काढून टाकायचं, जागा बदलायची, आणि हे सगळं ॲनिमेशनचा खर्च व्हायच्या आधी. माझ्या पाच स्लाईड बघून तो म्हणाला, "ताई, लॅपटॉप मिट आधी."

त्याने ए-फोर कागद चार वेळा अर्धा दुमडला आणि उलगडला. १६ चौकटी झाल्या. माझ्या हातात जाड स्केचपेन दिलं. बारीक पेन नाही, कारण बारीक पेनाने माणूस अक्षरं लिहीत बसतो. प्रत्येक चौकटीत एकच चित्र काढायचं आणि चौकटीखाली पेन्सिलीने एकच पूर्ण वाक्य लिहायचं, त्या वेळी तोंडाने जे बोलणार तेच.

मग विचारलं, "सभा संपल्यावर लोक काय ठरवून उठायला हवेत?" मी म्हटलं, घरटी ९ हजार द्यायला हो म्हणून. "मग ती शेवटची चौकट. आधी ती काढ."

"महत्त्व" या चौकटीत मला काहीच काढता येईना. दहा मिनिटं बसले. ज्या चौकटीत चित्र सुचत नाही, तिथे बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नसतं, नुसतं शीर्षक असतं. ती गेली. "प्रकार" गेली. एका चौकटीत तीन चित्रं झाली होती, तिच्या तीन केल्या. एक चौरस मीटर ताट, त्यात एक मिलिमीटर पाऊस, शेजारी एक लिटरची बाटली. दुसरीत आमची गच्ची, ६०० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तर ३ लाख ३६ हजार लिटर. तिसरीत दहा हजार लिटरचे ३३ टँकर गेटपासून रांगेत उभे. हीच गोष्ट माझ्या मूळ पीपीटीत एका तक्त्याच्या चौथ्या ओळीत होती.

मग त्याने फक्त खालची वाक्यं मोठ्याने वाचायला लावली. दोन वाक्यांमध्ये "म्हणून" किंवा "पण" बसतं का बघ, म्हणाला. नुसतं "आणि पुढे" बसत असेल तर तिथे धागा तुटलाय. माझा तीन ठिकाणी तुटला होता. कात्रीने चौकटी कापल्या, डायनिंग टेबलवर मांडल्या, टँकरची रांग सगळ्यात पुढे आणली. ११ चौकटी उरल्या. १५ मिनिटांना अकराच, म्हणजे एकेकीला सव्वा मिनिटाच्या वर. बोलताना दम लागला नाही.

आता कुणी म्हणेल, सॉफ्टवेअरमध्येही सगळ्या स्लाईड एकत्र दिसतात, सरकवता येतात. येतात, मान्य. पण तोवर त्या सजवून झालेल्या असतात. तासभर रंग जुळवलेली स्लाईड फेकायला हात धजत नाही, पेनाने खरडलेली चौकट मात्र सहज फेकली जाते.

कागदाची एक खोडही सांगते, कारण मी तिथे अडकले होते. एका चौकटीत मी टँकरचा आलेख काढला होता, दर वर्षी वर चढणारा. हाताने काढलेला आलेख नेहमी आपल्या मनासारखाच चढतो. रात्री खजिनदारकाकांकडून बिलं आणली, तर चांगल्या पावसाच्या वर्षी टँकर निम्म्यावर आले होते. चौकट खोटी होती. पण ती बदलल्यावर भाषणच सुधारलं: "पाऊस चांगला झाला की टँकर निम्मे होतात, पण तोच पाऊस आपण गटारात सोडतो." तेव्हा आकड्यांची चौकट काढली की कोपऱ्यात प्रश्नचिन्ह करायचं आणि खरे आकडे हातात आल्याशिवाय ते खोडायचं नाही. आणि हो, ज्या बैठकीत लोक हिशेबाचा तक्ताच तपासायला बसलेत, तिथे चित्रं नकोत, तक्ता छापून हातात द्या.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. शिक्षकांना तरी किती बोलू, साठ-साठ प्रोजेक्ट असतात त्यांच्याकडे, साचा दिला की तपासणं सोपं जातं. पण त्या पोरीचा खाली बसतानाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

चहाच्या टपरीवर तिच्याच छापील अहवालाचं एक कोरं पान घेतलं, तीन वेळा दुमडलं, आठ चौकटी. १२ मिनिटांना पुरेत. म्हटलं, घड्याळ काढ, तीन वाजलेले. शेजारी टाकी, पाणी उतरतंय. खाली लिही: "सगळे झोपलेत, मग पाणी कोण वापरतंय?" ती एकदम म्हणाली, "मॅडम, ही पहिली?" म्हटलं, पहिलीच. तिला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात हेच प्रोजेक्ट मांडायचंय.

आत्ता नऊ वाजता तिने पानाचा फोटो पाठवलाय. सात चौकटी भरल्यात. सेन्सर काढलाय, गळका वॉल्व्ह काढलाय, रात्रीचा आलेख काढलाय आणि त्याच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्हसुद्धा आहे. चौथी कोरी आहे. खाली पेन्सिलीने लिहिलंय, "पद्धत". विचारतेय, इथे काय काढू? मी तिला उलट विचारलंय, त्या रात्री तू टाकीपाशी नक्की काय केलंस ते सांग. ती टाइप करतेय.